दौऱ्याचा क्लेम परत येऊ नये म्हणून: डीए, बिलं आणि मर्यादा यांचा मेळ

प्रश्न: पुण्यातल्या कंपनीत सर्व्हिस इंजिनिअर आहे. पहिलाच बाहेरगावचा दौरा झाला, मुक्काम इंदूरला आणि काम पिथमपूरला. सोमवारी दुपारी ४ ला घर सोडलं, शुक्रवारी सकाळी १० ला परत पोचलो. दोन्ही प्रवास रात्रीच्या बसने. जातानाचं तिकीट कंपनीने काढलं, येतानाचं १,४०० रुपयांचं मी काढलं. पॉलिसी अशी: डीए रोज ८०० (६ तासांपर्यंत ३० टक्के, ६ ते १२ तास ७० टक्के, पुढे पूर्ण), खोलीभाड्यात नाश्ता असेल तर त्या दिवशीच्या डीएतून पाव भाग कमी, हॉटेल एका रात्रीला २,५०० अधिक कर, टॅक्सी बिलाप्रमाणे, बिलाशिवाय रिक्षा दिवसाला २०० पर्यंत. हॉटेलचं बिल ५,९६४ झालं. त्यात पहिली रात्र २,४००, दुसरी २,९०० आणि मंगळवारी खोलीत मागवलेलं जेवणही आहे. अ‍ॅपच्या टॅक्सीची बिलं ४,७०० ची आहेत, पण बुधवारच्या ८५० रुपयांच्या टॅक्सीची पावतीच नाही. मंगळवारी १२० आणि गुरुवारी ११० रिक्षाला गेले. अ‍ॅडव्हान्स १०,००० घेतला होता. क्लेम कसा भरू म्हणजे अकाउंट्सवाले परत पाठवणार नाहीत?

उत्तर:

फॉर्म उघडण्याआधी सगळे खर्च एका कागदावर मांडा आणि प्रत्येकापुढे एकच गोष्ट लिहा: हा पैसा डीएतून जायचा, बिलावर मिळायचा, की कंपनीने आधीच भरलेला आहे? मी बरीच वर्षं अकाउंट्समध्ये क्लेम तपासतो. क्लेम परत जातात ते बहुतेक वेळा एकच रुपया दोन ठिकाणी बसल्यामुळे. माणूस फसवत नसतो. जेवण हॉटेलच्या बिलात असतं आणि डीएही पूर्ण लावलेला असतो, एवढंच. तुमच्या क्लेममध्ये नेमकी हीच जागा आहे, म्हणून क्रमाने जाऊ.

आधी डीए, कारण त्याला बिल लागत नाही, फक्त घड्याळ लागतं. डीए मोजायच्या दोन पद्धती चालतात. एकात प्रत्येक तारीख मध्यरात्र ते मध्यरात्र स्वतंत्र धरतात. केंद्र सरकारच्या २०१७ च्या प्रवासभत्त्याच्या आदेशात हीच पद्धत आहे आणि तुमच्या पॉलिसीतले ३०, ७० आणि १०० टक्क्यांचे टप्पेही तेच आहेत. दुसरीत घर सोडल्यापासून चोवीस-चोवीस तासांचे तुकडे पाडतात. तारखेच्या पद्धतीने तुमचा सोमवार दुपारी ४ ते रात्री १२ म्हणजे ८ तास, म्हणून ७० टक्के. मंगळवार, बुधवार, गुरुवार पूर्ण. शुक्रवार मध्यरात्रीपासून सकाळी १० पर्यंत १० तास, म्हणून पुन्हा ७० टक्के. बेरीज ४.४ दिवस, म्हणजे ३,५२० रुपये. चोवीस तासांच्या पद्धतीने सोमवार दुपारी ४ ते शुक्रवार दुपारी ४ असे चार तुकडे पडतात. चौथ्या तुकड्यातले १८ तास बाराच्या वर जातात म्हणून तोही पूर्ण धरतात, आणि रक्कम ३,२०० येते.

एकाच दौऱ्यात ३२० रुपयांचा फरक आहे. म्हणून पॉलिसीत ‘कॅलेंडर दिवस’ म्हटलंय की ‘२४ तास’, ते आधी वाचा. काहीच लिहिलेलं नसेल तर एचआरला एका ओळीचा ईमेल टाकून उत्तर क्लेमला जोडा. पुढे मी कॅलेंडर दिवस धरून चालतो, कारण टप्पे तिथलेच आहेत.

आणखी एक बारकी गोष्ट. तास घरापासून मोजायचे की बसच्या ठरलेल्या वेळेपासून, हेही कंपनीनुसार बदलतं. बस साडेपाचची असेल तर सोमवारचे तास साडेसहा होतात, टप्पा तोच राहतो. पण बस सव्वासहाची असेल तर सहा तासांच्या आत येऊन सोमवार ३० टक्क्यांवर घसरतो. क्लेममध्ये घर सोडल्याची वेळ आणि तिकिटावरची वेळ, दोन्ही लिहा. तपासणाऱ्याला फोन करावा लागला नाही की क्लेम त्याच दिवशी पुढे सरकतो.

आता नाश्ता. मंगळवारी तुम्ही सकाळी बसमधून उतरलात, तेव्हा त्या दिवशी हॉटेलचा नाश्ता नव्हता. बुधवार आणि गुरुवार सकाळी होता. दोन दिवसांचे २०० प्रमाणे ४०० कमी होतात आणि डीए ३,१२० राहतो. ‘मी नाश्ता केलाच नाही, सकाळी लवकर निघालो,’ असं बरेच जण म्हणतात. पॉलिसीचा शब्द ‘खोलीभाड्यात नाश्ता असेल तर’ असा असेल तर खाल्ला की नाही याने फरक पडत नाही, कारण कंपनीने त्याचे पैसे भाड्यातच दिलेले असतात. ग्राहकाच्या कँटीनमध्ये दुपारचं जेवण झालं असेल तर ते वेगळं: तो खर्च तुमच्या कंपनीचा नाही. पॉलिसी त्याबद्दल गप्प असेल तर कापू नका, पण शेऱ्यात ‘दुपारचं जेवण ग्राहकाकडे’ एवढं लिहून ठेवा. नंतर कोणी विचारलं तर लपवलं असं वाटत नाही.

डीए एकदा ठरला की जेवणखाण, चहा, पाण्याच्या बाटल्या सगळं त्यातच. इथेच तुमचं हॉटेलचं बिल अडतं. बिल हातात घ्या आणि पेन्सिलने तीन भाग करा. खोलीभाडं २,४०० आणि २,९०० मिळून ५,३००. त्यावर ५ टक्के जीएसटी २६५. उरलेले ३९९, म्हणजे जेवण ३८० आणि त्यावरचा कर १९. हे ३९९ तुमच्या डीएतून जायचे आहेत. ते हॉटेलच्या रकान्यात गेले तर मंगळवारचं रात्रीचं जेवण कंपनीने दोनदा दिल्यासारखं होतं. बिल मात्र पूर्ण ५,९६४ चंच जोडा. जेवणाची ओळ खोडू नका, की हॉटेलवाल्याकडून जेवण वगळून दुसरं बिल करून घेऊ नका. मूळ बिल, त्याच्यावर ‘३९९ डीएतून, क्लेम नाही’ असा शेरा आणि खाली सही, एवढं पुरतं. तपासणाऱ्याला पहिल्या नजरेत कळतं की माणसाने स्वतःहून वेगळं काढलंय.

पुढच्या वेळी खोलीत जेवण मागवलंत तर पैसे तिथल्या तिथे वेगळे भरा. हॉटेलचं बिल फक्त खोलीचं राहिलं तर निम्मं काम हॉटेलच्या काउंटरवरच संपतं.

दुसऱ्या रात्रीचे २,९०० हा मर्यादेचा प्रश्न. मर्यादा ‘एका रात्रीला’ असेल तर पहिल्या रात्री वाचलेले १०० दुसऱ्या रात्रीला वळवता येत नाहीत. त्या रात्री तुम्ही २,४०० च खर्च केलेत, म्हणून २,४०० च मिळणार. मर्यादा ही खर्चाची वरची रेघ आहे, हक्काची रक्कम नाही. डीए आणि हॉटेल यांतला मोठा फरक हाच: डीए ठरावीक मिळतो, हॉटेल प्रत्यक्ष खर्चाइतकंच मिळतं. तेव्हा मर्यादेत बसणारं भाडं २,४०० अधिक २,५००, म्हणजे ४,९००, त्यावर कर २४५, एकूण ५,१४५. वरचे ४०० आणि त्यावरचा कर २०, असे ४२० जादा. जादा भाड्यावरचा कर जादा भाड्याबरोबरच जातो, हे विसरू नका. अनेक जण फक्त ४०० वेगळे काढतात आणि मग वीस रुपयांसाठी क्लेम परत येतो.

हे ४२० मागू नका असं मी म्हणणार नाही. दुसऱ्या रात्री स्वस्त खोली उरली नव्हती आणि हॉटेल बदललं असतं तर कामाच्या जागेपासून लांब गेला असता, असं कारण असेल तर ते योग्यच आहे. पण ते वेगळ्या ओळीत मागा, साहेबांच्या लेखी मंजुरीसह. मंजुरी त्याच रात्री मेसेजवर घेतली असती तर उत्तम. आता घेत असाल तर ईमेलमध्ये घडलं ते सरळ लिहा: तारीख, हॉटेल, कोणती खोली मिळत नव्हती, किती जास्त लागले. ‘अपरिहार्य कारणास्तव’ असं लिहिलेलं कोणीच मान्य करत नाही, कारण त्यात तपासण्यासारखं काहीच नसतं.

आणि एक वाट चुकूनही धरू नका. काही हॉटेलं विचारतात, ‘साहेब, बिल अडीच हजारांचं करू आणि बाकीचं इतर सेवेत टाकू का?’ बिलाच्या आकड्यात अशी मुरड घातली की तो खोटा कागद होतो आणि त्याखाली सही तुमची असते. ४२० रुपयांसाठी नोकरी पणाला लावू नका. आम्ही बिलावर खोलीभाड्याची ओळ, त्यावरचा कर आणि यूपीआयने गेलेली रक्कम शेजारी शेजारी ठेवून बघतो. ५ टक्के कराचा गुणाकार जुळला नाही की तिथेच थांबतो.

बिलावर कोणाचं नाव आणि कोणता जीएसटी क्रमांक आहे, तेही बघून घ्या. हॉटेलचा क्रमांक २३ ने सुरू होत असणार, तो मध्य प्रदेशचा संकेतांक. तुमच्या कंपनीचा पुण्याचा क्रमांक २७ ने सुरू होतो. हॉटेल जिथे उभं आहे त्या राज्याचा कर लागतो, त्यामुळे इंदूरच्या खोलीवरच्या कराची वजावट पुण्याच्या नोंदणीवर मिळत नाही. तरीही बिल कंपनीच्या नावाने हवं, कारण खर्च कंपनीच्या कामाचा होता याचा तो पुरावा आहे. बसच्या तिकिटाचं मात्र उलट आहे. नोंदणीकृत कंपनीला दिलेल्या प्रवाससेवेचा कर कंपनी जिथे नोंदलेली आहे तिथला धरतात. तिकीट काढताना कंपनीचा क्रमांक टाकला तर कर महाराष्ट्राचा होतो आणि कंपनीला वजावट मागता येते. नाही टाकला तर प्रवास जिथून सुरू झाला तिथला, म्हणजे इंदूरचा होतो आणि तो कंपनीच्या उपयोगाचा राहत नाही. येतानाचं तिकीट तुम्ही स्वतःच्या नावाने काढलंय. त्यासाठी तुमचे १,४०० अडणार नाहीत, पण पुढच्या वेळी बुकिंग करताना तो रकाना रिकामा सोडू नका.

जातानाचं तिकीट कंपनीने काढलंय, म्हणून ते रकमेत धरायचं नाही. पण क्लेममध्ये त्याची ओळ हवी: ‘सोमवार, पुणे ते इंदूर, तिकीट कंपनीमार्फत’, रकमेच्या जागी शून्य. ही ओळ नसली की तपासणाऱ्याला तुम्ही इंदूरला कसे पोचलात हेच कळत नाही आणि प्रश्न येतो.

आता पावती नसलेली टॅक्सी. यूपीआयचा स्क्रीनशॉट हे बिल नव्हे. पैसे कोणाला तरी गेले एवढंच तो सांगतो. कशासाठी गेले, कुठून कुठे गेलात, हे सांगत नाही. पण तो निरुपयोगीही नाही. त्याला तुमचं निवेदन जोडलं की तो बहुतेक ठिकाणी पुरावा म्हणून चालतो. निवेदन असं लिहा: ‘बुधवार, संध्याकाळी ६.४०. ग्राहकाचा कारखाना, पिथमपूर ते हॉटेल, इंदूर. अ‍ॅपवर गाडी मिळाली नाही म्हणून खासगी टॅक्सी केली. ८५० रुपये यूपीआयने दिले, व्यवहार क्रमांक सोबत. चालकाने पावती दिली नाही. हा खर्च मी दुसरीकडे मागितलेला नाही.’ वेळ, ठिकाणं आणि कारण तुमच्या प्रसंगातली टाका, माझी नकोत.

या निवेदनाला जोर येतो तो शेजारच्या बिलामुळे. त्याच दिवशी सकाळी त्याच रस्त्याने अ‍ॅपच्या गाडीला किती पडले ते निवेदनाखाली लिहा. सकाळचे ७६० असतील तर संध्याकाळचे ८५० कोणालाही पटतात. सकाळचे ४०० असतील तर प्रश्न येणारच, आणि मग कारण सविस्तर लागेल. कोरं पावतीपुस्तक ठेवणारे चालक भेटतात आणि ‘आकडा तुम्हीच टाका’ म्हणतात. ती कोरी पावती घेऊ नका. खरं निवेदन कोऱ्या पावतीपेक्षा कधीही भक्कम असतं, कारण वेगवेगळ्या लोकांच्या क्लेममध्ये एकाच पुस्तकातल्या लागोपाठच्या क्रमांकाच्या पावत्या आल्या की आमच्या लगेच लक्षात येतं.

रिक्षाचं सोपं आहे. १२० आणि ११० दोन्ही दिवसाच्या २०० च्या आत आहेत, तेव्हा तारीख, कुठून कुठे आणि रक्कम एवढं लिहिलं की झालं. गुरुवारी अजून एखाद्या रिक्षाला १०० दिले असते तर त्यातले १० तुमच्या खिशातून गेले असते. बिलाशिवायच्या खर्चावरची मर्यादा शक्यतो कोणी वाढवून देत नाही.

अ‍ॅपच्या टॅक्सीची बिलं ईमेलवर आलेल्या पीडीएफमधून जोडा, मोबाइलच्या स्क्रीनशॉटमधून नाही. पीडीएफवर बिल क्रमांक, वेळ आणि दोन्ही ठिकाणं असतात. एकाच फेरीची पीडीएफ आणि स्क्रीनशॉट दोन्ही जोडले की घाईत ती दोनदा मोजली जाते. ही चूक मी वारंवार बघतो. प्रत्येक बिलापुढे काम लिहा: ‘हॉटेल ते ग्राहकाचा कारखाना’. पुण्यात घर ते बसथांबा आणि परतीच्या फेऱ्या तुमच्या ४,७०० मध्ये असतील, तर त्या पॉलिसीत बसतात का ते एकदा बघा. बहुतेक ठिकाणी बसतात. शनिवार-रविवारी फिरायला केलेली टॅक्सी बसत नाही. तुमच्या दौऱ्यात ती नाहीच.

छापील पावत्या थर्मल कागदावर असतील तर त्याच दिवशी फोटो काढून ठेवत जा. उन्हात तापलेल्या गाडीत किंवा पाकिटात राहिल्या की अक्षरं उडतात. छपाईवर चिकटपट्टी लावू नका आणि लॅमिनेट तर अजिबात करू नका, उष्णतेने अख्खा कागद काळा होतो.

आता तुमचा क्लेम असा दिसेल:

डीए, नाश्ता वजा जाता: ३,१२०
हॉटेल, मर्यादेत, करासह: ५,१४५
परतीची बस: १,४००
टॅक्सी, बिलासह: ४,७००
रिक्षा, बिलाशिवाय: २३०
मर्यादेत बसणारी बेरीज: १४,५९५

मंजुरीसाठी वेगळे: हॉटेल जादा ४२०, पावती नसलेली टॅक्सी ८५०, मिळून १,२७०
एकूण: १५,८६५
वजा अ‍ॅडव्हान्स: १०,०००
येणे: ५,८६५

अ‍ॅडव्हान्स वजा करायला विसरू नका, हे सांगावंसं वाटतं कारण बरेच जण फक्त खर्च भरतात आणि अ‍ॅडव्हान्स अकाउंट्स बघून घेईल असं धरतात. तो तुमच्या नावावर येणे म्हणून पडलेला असतो. क्लेममध्ये दिसला नाही तर दोन्ही बाजू उघड्या राहतात, आणि मार्चअखेरीस वर्षाचा हिशेब बंद करताना पगारातून कापायचा विषय निघतो.

डीएवर कर लागेल का, हाही प्रश्न पुढे येईल. दौऱ्यावर असताना रोजचा नेहमीचा खर्च भागवायला दिलेला भत्ता खर्च झालेल्या मर्यादेपर्यंत करमुक्त असतो. त्यासाठी तो खऱ्या दौऱ्याला जोडलेला असावा लागतो: तारखा, ठिकाण, काम. म्हणून क्लेमवर ‘ऑफिसचं काम’ असं न लिहिता ‘पिथमपूर, ग्राहकाच्या कारखान्यात यंत्राची दुरुस्ती’ असं लिहा आणि सर्व्हिस रिपोर्टचा क्रमांक टाका. दौरा नसतानाही दरमहा ठरावीक रक्कम ‘डीए’ म्हणून पगारात येत असेल तर त्याला ही सवलत धरता येत नाही, नाव काहीही असो.

शेवटी भरण्याचा क्रम. १,२७० च्या दोन ओळी मुख्य क्लेममध्ये मिसळू नका. फॉर्ममध्ये सोय असेल तर त्या ‘मर्यादेबाहेर, मंजुरी जोडली आहे’ अशा वेगळ्या दाखवा, नसेल तर दुसरा छोटा क्लेम करा. एकत्र टाकलं आणि साहेब रजेवर असले तर तुमचे सगळे ५,८६५ त्यांच्या सहीसाठी अडकतात. वेगळं ठेवलं तर मर्यादेतल्या १४,५९५ मधून अ‍ॅडव्हान्स वजा होऊन ४,५९५ लगेच मिळतात, आणि ४२० नाकारले गेले तरी बाकीचा क्लेम पुन्हा भरावा लागत नाही.